बाथरूममधील आरशाचे कपाट, ओलावलेल्या गोळ्या आणि अडीच वर्षांचा नातू : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाणे जिल्ह्यातील एका कुटुंबाचे आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि कुटुंबाच्या संमतीनेच ते येथे मांडले आहे. घरात पाच माणसे आहेत : साठी ओलांडलेले आजी-आजोबा, मुलगा, सून आणि अडीच वर्षांचा नातू. आजींना मधुमेह आणि थायरॉईडचा त्रास आहे, आजोबांना हृदयविकारामुळे रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची गोळी रोज घ्यावी लागते आणि सुनेला रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या चालू होत्या. त्यांची औषधे आमच्याच दुकानातून जातात, त्यामुळे फार्मासिस्ट या नात्याने मला हे प्रकरण बऱ्यापैकी जवळून पाहता आले.

घरातील सगळी औषधे वॉशबेसिनच्या वर लावलेल्या, आरशाचे दार असलेल्या प्लास्टिकच्या कपाटात ठेवलेली असत. वॉशबेसिन बाथरूमच्या आतच होते. त्याच कपाटात टूथपेस्ट, दाढीचे सामान, केसांचा रंग, नेलपॉलिश काढण्याचे द्रावण, टाल्कम पावडर आणि डांबरगोळ्यांचे पाकीट असे प्रसाधनाचे व सफाईचे सामानही होते. ही जागा निवडण्यामागे घरच्यांचे दोन हेतू होते. सकाळी दात घासून झाल्यावर उपाशीपोटीची गोळी समोरच दिसे, म्हणून ती विसरली जात नसे. आणि कपाट जमिनीपासून जवळजवळ पाच फूट उंचावर असल्याने नातवाचा हात तिथे पोहोचत नाही, अशी सर्वांची खात्री होती. पहिला हेतू खरोखरच साधला जात होता, हे मान्य करायला हवे, कारण औषध वेळेवर घेतले जाणे ही काही लहान गोष्ट नाही.

समस्या कशी लक्षात आली

जुलै महिन्यात आजींच्या घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर वारंवार १९० ते २४० मिलिग्रॅमच्या दरम्यान येऊ लागली. खाण्यात बदल नव्हता, गोळ्या नियमित चालू होत्या. फिजिशियनांनी गोळीची मात्रा वाढवण्याचा विचार केला, परंतु त्याआधी प्रयोगशाळेत तपासणी करून घेण्यास सांगितले. ज्या सकाळी प्रयोगशाळेने शिरेतून रक्त घेतले, त्याच सकाळी घरच्या यंत्रावर २०४ हा आकडा आला होता; प्रयोगशाळेचा आकडा १३२ होता. मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही चाचणीही ६.९ टक्के, म्हणजे आटोक्यात होती. साखर शंभरच्या पुढे असताना घरच्या यंत्रात पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक सामान्यतः स्वीकारार्ह धरला जातो. इथे तो पन्नास टक्क्यांहून अधिक होता. अशा वेळी दोष यंत्रापेक्षा चाचणीच्या पट्ट्यांमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.

पट्ट्यांची डबी पाहिल्यावर कारण उलगडले. चाचणीच्या पट्टीवर एक विकर म्हणजे एन्झाइम लावलेले असते आणि ते दमटपणाने हळूहळू बिघडते. म्हणूनच डबीच्या झाकणात किंवा आतल्या अस्तरात आर्द्रता शोषणारा पदार्थ बसवलेला असतो आणि पट्टी काढल्यावर झाकण लगेच घट्ट दाबून लावणे अपेक्षित असते. आजींच्या बोटांना संधिवात आहे; घट्ट झाकण उघडताना दुखते म्हणून त्या ते नुसते टेकवून ठेवत. कोरड्या खोलीत याने थोडेफार नुकसान झाले असते, पण या कपाटात काही आठवड्यांतच सगळ्या पट्ट्या निकामी झाल्या. बिघडलेली पट्टी आकडा वाढवूनच दाखवते असे नाही, ती कमीही दाखवू शकते. दोन्ही परिस्थितींत चुकीच्या आकड्यावर औषधाची मात्रा ठरण्याचा धोका असतो.

त्यानंतर कपाटातील इतर वस्तूही तपासल्या गेल्या. आजोबांनी अॅस्पिरिनच्या गोळ्या पट्टीतून सोडवून एका छोट्या डबीत भरून ठेवल्या होत्या; डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबट वास आला आणि काही गोळ्यांवर बारीक, सुईसारखे स्फटिक दिसले. ओलाव्याच्या संपर्कात अॅस्पिरिनचे विघटन होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि अॅसिटिक आम्ल तयार होते, आणि त्यातील दुसऱ्याचाच तो वास असतो. जलसंजीवनीच्या पाकिटांतील पावडरीचे खडे झाले होते आणि जिलेटिनच्या कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या होत्या. थायरॉईडच्या गोळ्यांच्या बाटलीतली ओलावा शोषणारी पुडी कोणीतरी "हे काय आहे" म्हणून फेकून दिली होती. या गोळीचे द्रव्य ओलावा, उष्णता आणि प्रकाश या तिन्हींना संवेदनशील असते. थायरॉईडची गोळी कमी पडली की रक्तात वाढणारे टीएसएच आजींच्या त्या वेळच्या तपासणीत थोडे वाढलेले होते, मात्र त्याचे खापर थेट कपाटावर फोडणे योग्य ठरणार नाही, कारण आजी गोळीनंतर लगेच चहा घेत असत आणि त्यानेही गोळीचे शोषण कमी होते. डोळ्यांना न दिसणारे नुकसान किती झाले, हे घरी बसून सांगता येत नाही. गोळीचा रंग आणि आकार जसाच्या तसा असला तरी तिची शक्ती घटलेली असू शकते.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

फिजिशियनांनी चाचणीच्या पट्ट्या फेकून देण्यास आणि औषधे बाथरूममधून हलवण्यास सांगितले. सल्ला बरोबरच होता, परंतु ती कुठे ठेवावीत याबद्दल बोलणे झाले नाही. सुनेने त्याच संध्याकाळी कपाट रिकामे केले, औषधे एका वेताच्या टोपलीत भरली आणि ती हॉलमधील खिडकीजवळच्या टीपॉयवर ठेवली. रविवारी नवऱ्याला सुट्टी असेल तेव्हा भिंतीवर नवीन फळी बसवून घेऊ, तोपर्यंत सामानाला जरा वारा लागेल, असा त्यामागचा विचार होता. टीपॉयची उंची सव्वा फूट होती. औषधे ओल्या पण उंच जागेवरून तुलनेने कोरड्या पण ठेंगण्या जागेवर आली, आणि एक धोका घालवताना दुसरा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास नातू जमिनीवर बसून गोळ्यांच्या पट्टीशी खेळताना आजोबांना दिसला. ती आजींच्या मधुमेहाची, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली पट्टी होती. पट्टीतील दोन कप्पे हिशेबाबाहेर रिकामे होते. एक गोळी अर्धवट चोखलेल्या अवस्थेत गालिच्यावर सापडली, दुसरी सापडली नाही. मूल मजेत होते.

येथे तीन निर्णय भराभर घ्यावे लागले. पहिला उलटी काढण्याचा होता. आजोबा म्हणाले, "सूनबाई, मिठाचं पाणी पाजू या, सगळं बाहेर पडेल." सुनेने आधी फोन लावला आणि बालरोगतज्ज्ञांनी तसे करण्यास स्पष्ट मनाई केली. मिठाच्या पाण्याने लहान मुलाच्या रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते आणि उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, त्यामुळे हा घरगुती उपाय मुळीच करू नये. तोंडातील उरलेले कण ओल्या बोटाने पुसून घेतले, तेवढेच पुरेसे होते.

दुसरा निर्णय थांबून पाहण्याचा की निघण्याचा हा होता. मूल हसत-खेळत असताना रुग्णालय गाठणे अनेकांना अतिरेक वाटतो आणि एखाद्या वेगळ्या गोळीच्या बाबतीत डॉक्टरांनी घरीच लक्ष ठेवायला सांगितलेही असते. परंतु ग्लिमेपिराइड ज्या गटातील आहे त्या गटातील औषधे स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, आणि मधुमेह नसलेल्या बारा किलोच्या बालकात त्यांची एक गोळीदेखील साखर गंभीररीत्या खाली आणू शकते. त्यातही हा परिणाम बऱ्याच तासांनी दिसू शकतो. त्यामुळे सुरुवातीच्या तासाभरात मूल ठीक दिसणे याला काहीच अर्थ नसतो. तिसरा निर्णय अगदी साधा, पण मोलाचा होता : मुलाबरोबर सुनेने ती पट्टीही घेतली. पट्टीवर औषधाचे नाव आणि मात्रा छापलेली होती, त्यामुळे तपासणी कक्षात अंदाज बांधण्यात वेळ गेला नाही. आजोबांच्या अॅस्पिरिनसारखी ती गोळी सुट्या डबीत असती तर हा आधार मिळाला नसता.

रुग्णालयात पोहोचल्यावर साखर ८८ होती. डॉक्टरांनी मुलाला दाखल करून घेतले, दर तासाला साखर तपासली आणि खाणेपिणे चालू ठेवले. दुपारी साडेतीनच्या सुमारास मूल चिडचिडे आणि घामाघूम झाले. साखर ५४ आली. शिरेवाटे ग्लुकोज देण्यात आले आणि नंतर सलाइन चालू ठेवले गेले. रात्रभर साखर स्थिर राहिली. सलाइन बंद केल्यावरही ती पुन्हा घसरत नाही ना, हे पाहण्यासाठी मुलाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि मगच घरी सोडले. पुढे त्याला कोणताही त्रास झाला नाही.

त्याच टोपलीत सुनेच्या लोहाच्या गोळ्याही होत्या, ही गोष्ट नंतर सगळ्यांच्या लक्षात आली. त्या लाल, चकचकीत आणि मुलांच्या दृष्टीने चॉकलेटच्या गोळ्यांसारख्या दिसतात. लोहाची विषबाधा शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण वीस मिलिग्रॅम मूलद्रव्यरूपी लोहापासून सुरू होऊ शकते. बारा किलोच्या मुलासाठी हा हिशेब २४० मिलिग्रॅमवर, म्हणजे साठ मिलिग्रॅमच्या चार गोळ्यांवर येतो. रक्तक्षयाची गोळी ही ताकदीची गोळी, तिने काय होणार, ही समजूत घरोघरी आढळते आणि मला ती मधुमेहाच्या गोळीबद्दलच्या निष्काळजीपणापेक्षाही अधिक चिंताजनक वाटते.

कोणते पर्याय विचारात घेतले

मूल घरी आल्यानंतर कुटुंबाने मला घरी बोलावले. एक आर्द्रतामापक बाथरूमच्या कपाटात दिवसभर ठेवून पाहिला. सकाळी तीन जणांच्या आंघोळी झाल्यावर सापेक्ष आर्द्रता ९४ टक्के होती आणि दुपारी बाथरूम कोरडे दिसत असतानाही ती ८० च्या खाली आली नाही. गिझरच्या पाण्याची वाफ थंड भिंतीला आणि आरशाला लागून पाणी बनते, ते रात्रीपर्यंत पूर्ण सुकत नाही आणि पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असल्याने खिडकी उघडून फारसे काही साधत नाही.

पहिला पर्याय त्याच कपाटाला कुलूप लावून बाथरूममध्ये बाहेर हवा फेकणारा पंखा चालवण्याचा होता. मुलाचा प्रश्न त्याने कदाचित सुटला असता, ओलाव्याचा मात्र सुटला नसता. पाच फूट उंचीचा भरवसाही फोल होता. नातवाने महिनाभर आधी पालथ्या बादलीवर चढून बेसिनची कड पकडली होती, हे सुनेला या चर्चेदरम्यान आठवले. बाथरूममध्ये चढायला बादली, स्टूल आणि कमोडचे झाकण असे सगळेच हाताशी असते.

दुसरा पर्याय आजींनी सुचवला. "माझ्या आईकडे सगळी औषधं फ्रिजमध्येच असायची," त्या म्हणाल्या. ज्या औषधाच्या वेष्टणावर २ ते ८ अंशांत ठेवण्याची सूचना असते, उदाहरणार्थ न उघडलेले इन्शुलिन, त्याचीच जागा फ्रिजमध्ये असते. गोळ्यांची बाटली फ्रिजमधून रोज बाहेर काढून दमट हवेत उघडली की थंड गोळ्यांवर बाष्प धरते, म्हणजे ओलावा टाळण्याऐवजी आपणच तो बाटलीत नेतो. शिवाय या घरातील फ्रिजचे दार नातू स्वतः उघडत असे. स्वयंपाकघरातील वरची फळी हा तिसरा पर्याय होता, पण शेगडीची उष्णता आणि कुकरची वाफ यांमुळे ती जागा बाथरूमची धाकटी बहीणच ठरली असती.

उरला तो आजी-आजोबांच्या खोलीतील लोखंडी कपाटाचा पर्याय. बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेल्या या कपाटातील आर्द्रता ७२ टक्के भरली. ही पातळीही आदर्श नव्हती, पण जुलैमध्ये किनाऱ्याजवळच्या कोणत्याही घरात कोरडी खोली शोधणे व्यर्थ आहे; तिथे हवाबंद डब्याचाच आधार घ्यावा लागतो. खरा पेच उंचीचा होता. सर्वांत वरचा कप्पा मुलासाठी सुरक्षित होता, पण तिथे आजींचा हात पोहोचत नव्हता, आणि रोज स्टुलावर चढून गोळी काढणारी सत्तरीकडे झुकलेली बाई हा वेगळाच अपघात ठरला असता. त्यामुळे कपाटाच्या आतील, छातीच्या उंचीवरील कुलपाचा कप्पा निवडला.

केलेली कार्यवाही

सर्वप्रथम जुना साठा बाजूला काढला. चाचणीच्या पट्ट्या, अॅस्पिरिनच्या सुट्या गोळ्या, चिकटलेल्या कॅप्सूल आणि थायरॉईडची उघडी बाटली बाद केली. ज्या गोळ्या अखंड पट्टीत होत्या, मुदतीत होत्या आणि ज्यांचा फॉइल फुगलेला किंवा फाटलेला नव्हता, त्या ठेवल्या. अॅल्युमिनियम-अॅल्युमिनियम पट्टी ओलावा जवळजवळ आत येऊ देत नाही, तर पारदर्शक प्लास्टिकच्या पट्टीतून तो हळूहळू शिरतो. त्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या ज्या पट्ट्या वर्षभर त्या कपाटात होत्या, त्या बदलून घेतल्या.

गोळ्या मूळ वेष्टनातच ठेवायच्या, हा नियम ठरला. आजींच्या मुलाने आठवड्याच्या कप्प्यांची डबी आणली होती, परंतु तिच्यात गोळ्या सोडवून न भरता कात्रीने पट्टीचे तुकडे करून ठेवायचे आणि औषधाचे नाव व मुदत छापलेला भाग शेवटपर्यंत राखायचा, असे ठरले. या डब्या हाताला सहज उघडतात, म्हणजे नातवाच्याही हाताला सहज उघडतात. म्हणून ही डबीसुद्धा कुलपाच्या कप्प्यातच गेली.

सर्व साठा रबरी कडेच्या झाकणाच्या दोन हवाबंद डब्यांत भरला आणि प्रत्येकात पन्नास ग्रॅम सिलिका जेलची जाळीदार थैली ठेवली. जोड्यांच्या खोक्यातून निघालेल्या पुड्या अनेकजण जपून ठेवतात, पण त्या बहुधा आधीच ओलाव्याने भरलेल्या असतात आणि कामाच्या उरलेल्या नसतात. रंग बदलणारे जेल घेताना निळ्याऐवजी नारिंगी दाण्यांचे घेतले, कारण निळ्या रंगासाठी वापरले जाणारे कोबाल्टचे क्षार स्वतःच अपायकारक आहेत. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर काही तास तापवून पुन्हा वापरता येतात. चाचणीच्या पट्ट्यांसाठी वेगळी तजवीज केली : आजींना डबीचे घट्ट झाकण उघडता येत नसल्याने प्रत्येक पट्टी स्वतंत्र फॉइलमध्ये बंद असलेला प्रकार निवडला. तो थोडा महाग पडतो, पण झाकण टेकवून ठेवण्याचा प्रश्नच उरत नाही.

बाथरूमच्या कपाटात टूथपेस्ट, साबण, शांपू आणि कंगवे एवढेच राहिले. बोट बुडवून घ्यायच्या क्रीमच्या डब्या बाहेर नेल्या, कारण ओल्या बोटाने पाणी आत गेले की टिकवण द्रव्य विरळ होते आणि बुरशी धरते. पाते, केसांचा रंग, नेलपॉलिशचे द्रावण आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश लोखंडी कपाटातील वेगळ्या, कुलूपबंद खोक्यात गेले. बेसिनच्या जाळीवर ठेवलेल्या डांबरगोळ्या कायमच्या बंद केल्या. पांढऱ्या, गोल आणि साखरेच्या गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या या वस्तूने रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात आणि काही मुलांमध्ये जन्मजात विकराच्या कमतरतेमुळे हा धोका कितीतरी अधिक असतो.

फ्रिजच्या दारावर बालरोगतज्ज्ञांचा क्रमांक, १०८ आणि दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक लिहून लावला.

निष्पत्ती

डब्यांतील आर्द्रता दोन दिवसांत ४० टक्क्यांच्या आसपास आली आणि ऑगस्टभर तिथेच राहिली. नव्या पट्ट्यांवरील आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी दहा टक्क्यांच्या आत जुळला, त्यामुळे मधुमेहाच्या गोळीची मात्रा वाढवली गेली नाही. ती वाढवली असती तर साखर आटोक्यात असलेल्या वृद्ध स्त्रीला रात्री-बेरात्री साखर उतरण्याचा धोका पत्करावा लागला असता. थायरॉईडची नवी बाटली आणि चहापूर्वी अर्धा तास थांबण्याची सवय, अशा दोन्ही बदलांनंतर आठ आठवड्यांनी टीएसएच मर्यादेत आले. यातील श्रेय कोणाला द्यायचे, हे सांगता येत नाही.

उपाशीपोटीची गोळी नजरेसमोरून हलल्याने आजी पहिल्या पंधरवड्यात ती दोनदा विसरल्या, ही तक्रार मात्र खरी आहे. बाथरूमच्या आरशावर चिकटवलेल्या "थायरॉईड" एवढ्याच शब्दाच्या चिठ्ठीने तो प्रश्न सुटला : गोळी कपाटात राहिली, आठवण तेवढी जुन्या जागी.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू कपाट रिकामे करण्याच्या संध्याकाळचा होता. नवीन जागा तयार होईपर्यंत औषधे ओल्या कपाटातच आणखी चार दिवस राहिली असती, तर अखंड पट्टीतील गोळ्यांचे विशेष बिघडले नसते. ओलाव्याचे नुकसान आठवड्यांच्या हिशेबाने होते, तर मुलाच्या हाती पट्टी लागायला दोन मिनिटे पुरतात. तातडी होती ती फक्त चाचणीच्या पट्ट्या बदलण्याची. औषधे हलवण्याचा सल्ला देणाऱ्या प्रत्येकाने, दुकानदाराने असो वा डॉक्टरांनी, घरात लहान मूल आहे का, हे त्याच वाक्यात विचारायला हवे.

पट्ट्यांचा दोषही आधी कळू शकला असता. अनेक यंत्रांसोबत तपासणीचे द्रावण मिळते. त्याचा एक थेंब पट्टीवर टाकून आलेला आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का, हे घरीच पाहता येते. आजींच्या यंत्रासोबत ते आले होते आणि न उघडता मुदत संपून पडून होते.

घराबाहेरच्या औषधांचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. दिवाळीत आलेल्या आत्याबाईंनी रक्तदाबाच्या गोळ्यांची पर्स पलंगावर ठेवली आणि नातू तिची चेन ओढताना सापडला. आता पाहुण्यांच्या पर्स आणि पिशव्या दारातच घेऊन कपाटात ठेवल्या जातात. काहींना ते खटकते, पण सूनबाई कारण सांगून मोकळ्या होतात.